मदत हवी आहे: आयोडीन चाचणीत 'स्टार्च संपला' कधी लिहायचं?

नमस्कार. मी पुण्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. लाळेमुळे स्टार्चचं पचन कसं होतं हा प्रयोग आठवीच्या मुलांकडून करून घेत आहे आणि रंग वाचताना एका ठिकाणी अडले आहे.

परीक्षानळीत १ टक्का स्टार्चचं ५ मिली द्रावण आणि पाणी घालून पातळ केलेली १ मिली लाळ घेतो. नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवतो. दर मिनिटाला त्यातला एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनच्या थेंबात मिसळतो. सुरुवातीला गडद निळा-काळा रंग येतो, मग जांभळा, मग तांबूस तपकिरी, आणि शेवटी फक्त आयोडीनचा पिवळसर रंग उरतो. उकळलेली लाळ घातलेल्या नळीत मात्र निळा-काळा रंग शेवटपर्यंत टिकतो, म्हणजे आयोडीन चांगलं आहे.

निळा रंग अमायलोजच्या लांब, वेटोळ्या साखळीत आयोडीन अडकल्यामुळे येतो. साखळ्या तुटून आखूड झाल्या की तो जांभळा, मग तांबूस होतो. त्यामुळे काही मुलं निळा रंग जाताच 'स्टार्च नाही' लिहितात, तर काही पिवळा येईपर्यंत थांबतात. दोन्ही वेळांत बराच फरक पडतो. तांबूस टप्प्यावर डेक्स्ट्रिन उरलेलं असतं, म्हणून मला पिवळाच शेवट धरावासा वाटतो. तुम्ही कोणता धरता?

आणखी एक. आयोडीन दाट असलं तर त्याच्याच तपकिरी रंगात तांबूस छटा लपते. ते किती पातळ करता? शेजारी नुसत्या पाण्यातला आयोडीनचा थेंब तुलनेला ठेवणं पुरेसं होतं का?