मधल्या भावंडांनो, तुमचा अनुभव सांगा

दादा दहावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेला. धाकटी शेंडेफळ, तिचं रडणं घरात कुणालाच सोसायचं नाही. मधली मी. शाळेत बाई विचारायच्या, ‘तू त्याची बहीण ना?’ आणि घरी, ‘ती लहान आहे, तू समजून घे.’ दहावीला मला 62 टक्के पडले तेव्हा कुणी रागावलंसुद्धा नाही, ते फार लागलं. रागवण्याइतकी तरी अपेक्षा माझ्याकडून असावी ना! पण आईबाबांनी दुजाभाव केला असं मला आजही म्हणवत नाही. मग कमी काय पडलं? मधल्यांनी लिहा.

वाटसरू: मीही मधला. दुजाभाव नसतानाही कमी पडतं, हिशोब करून बघा. तीन-तीन वर्षांच्या अंतराची तीन मुलं, प्रत्येक जण 18 वर्षांचा होईपर्यंत घरात. आईबाप दर वर्षी आपला वेळ अगदी सारखा वाटतात. थोरल्याला पहिली तीन वर्षं सगळा वेळ एकट्याला मिळतो. दोघं मोठे होऊन बाहेर पडले की शेवटची तीन वर्षं धाकट्याला. मधल्याच्या वाट्याला असं एकही वर्ष येत नाही. बेरीज केली तर दोन्ही टोकांना साडेआठ वर्षांचा वेळ, मधल्याला सात. अर्थात अंतर बदललं की आकडे बदलतात, आणि घरात आजी-आजोबा असतील तर हिशोब वेगळाच.

रानजाई: पण मधली मुलं जात्याच समजूतदार असतात, मानसशास्त्रज्ञ अॅडलरने सांगूनच ठेवलंय.

वाटसरू: अॅडलरने जन्मक्रमाबद्दल लिहिलं हे खरं. पण 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या सुमारे 20 हजार लोकांची माहिती तपासली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. आमचा समजूतदारपणा जन्मजात नाही, तो आमच्याकडून करवून घेतला जातो.

मोगरा७: मी थोरली. माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, पण ते मार्कांवर. एका चाचणीत घसरले तर घरात सुतक. तुमच्यासारखं कुणाच्या नजरेत नसणं मला हवं होतं.

धागाकर्ती: मोगरा, तुझा त्रास कळतो. पण नजरेत नसणं म्हणजे मोकळीक नव्हे गं. मला ताप आलाय हे मलाच जाऊन सांगावं लागायचं.

तिघांची आई: हिशोब वाचून पोटात गोळा आला. आमची मधली नऊ वर्षांची, कधीच हट्ट करत नाही. मी तिला ‘गुणी’ म्हणत आले. मध्यंतरी तिने वर्गातल्या भांडणाची गोष्ट शेजारच्या काकूंना सांगितली, मला नाही. तेव्हापासून शनिवारी मंडईत तिला एकटीलाच नेते. पहिले काही शनिवार ती गप्पच होती, आता रिक्षात बसल्यापासून बोलते. पण धाकटा दारात लोळण घेतो आणि थोरला म्हणतो, ‘हिचेच लाड.’ त्या दोघांना काय सांगायचं, ते मधल्यांनीच सुचवा.