तीनपैकी एक वस्तू आलीच नाही: परतावा ३००, २७० की २००?

रिकामा खोका (धागाकर्ता)
एकाच ऑर्डरमध्ये तीन वस्तू मागवल्या: कीबोर्ड ५००, हेडफोन ३००, लॅपटॉपचा स्टँड २००. आकडे गोल केलेत, प्रमाण तेच आहे. ८००च्या वर खरेदी केल्यास १० टक्के सूट असं कूपन होतं, म्हणून १०० कमी झाले, घरपोच शुल्काचे ५० वाढले. एकूण ९५० कार्डाने भरले. कीबोर्ड आणि स्टँड आले, हेडफोन नाहीत, आणि ऑर्डरवर मात्र 'डिलिव्हर्ड' झळकतंय. तक्रार केल्यावर विक्रेत्याने २०० परत केले. माझ्या मते ३०० मिळायला हवेत. की सगळी ऑर्डरच परत करून ९५० मागावेत?

सडेतोड
९५० मागा. ऑर्डर एक, व्यवहार एक. तीन वस्तू देतो म्हणून पैसे घेतले आणि दोन दिल्या, म्हणजे शब्द मोडला. विक्रेत्याशी हुज्जत घालत बसूच नका. बँकेला कळवा की माल मिळाला नाही, आणि पूर्ण रकमेवर दावा ठोका. असे दोनचार दावे अंगावर आले की सुतासारखे सरळ होतात.

आकडेमोड
बँकेचा रस्ता आहे, पण तो ९५०साठी धरलात तर हातचंही जाईल. मी ऑनलाइन विक्रेत्यांकडे परताव्यांचं काम बरीच वर्षं केलं आहे. 'माल मिळाला नाही' असा पूर्ण रकमेचा दावा आला की विक्रेता पार्सल दारात पोहोचल्याचा पुरावा जोडतो. पुरावा खराच असतो, कारण पार्सल पोहोचलेलंच असतं. मग बँकेला एवढंच दिसतं की ग्राहक मिळालेला माल नाकारतोय, आणि खरोखर न आलेल्या वस्तूची बाजूही त्यात लंगडी पडते. व्हिसाच्या नियमांत न मिळालेल्या मालासाठी १३.१ क्रमांकाचं कारण आहे. त्यात दावा न मिळालेल्या भागापुरताच करता येतो.

आता रक्कम. ३०० नाही, २७०. कूपनचे १०० तिन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटले जातात: कीबोर्डवर ५०, हेडफोनवर ३०, स्टँडवर २०. तुमच्या बिलात प्रत्येक ओळीपुढे ती सूट दिसेल. हेडफोनसाठी तुम्ही ३०० दिलेलेच नाहीत, तर परत कसे मिळणार?

आणि २०० कुठून आले तेही सांगतो. ऑर्डरमधून हेडफोन काढले की खरेदी उरते ७००. कूपनची अट ८००ची, म्हणून सूट रद्द. ७०० अधिक ५० म्हणजे ७५०. तुम्ही भरले ९५०, फरक २००. ग्राहक स्वतः वस्तू परत करतो तेव्हा बरेच विक्रेते असा हिशोब लावतात. तुमची तक्रार त्याच खात्यात पडलेली दिसते. एक विचारतो, तक्रार करताना ॲपमध्ये 'वस्तू परत करा' दाबलं होतंत का?

रिकामा खोका
हो. 'वस्तू मिळाली नाही' हा पर्याय दिसला नाही. ऑर्डर डिलिव्हर्ड असल्यामुळे फक्त परत करणे आणि बदलून घेणे एवढंच होतं.

उगाच
माझा टेबलावरचा दिवा फुटून आला होता. फोटो पाठवला, त्याच दिवशी पूर्ण पैसे आले आणि दिवाही ठेवून घ्या म्हणाले. तुम्ही खोक्याचा फोटो नीट काढला नसेल.

सडेतोड
न आलेल्या हेडफोनचा फोटो कसा काढायचा हो?

छोटा दुकानदार
मी विक्रेता आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. २०० बरोबर आहेत. कूपन ८००च्या खरेदीसाठी दिलं होतं, अंतिम खरेदी ७००ची झाली. अट पूर्ण नाही तर सूट नाही, यात अन्याय कसला? लोक अटीपुरती एक वस्तू टोपलीत भर घालतात आणि मग ती परत करतात. हा हिशोब त्यासाठीच आहे. शिवाय 'आली नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाची वस्तू खरंच आलेली नसते, हेही कुणीतरी बोलायला हवं.

आकडेमोड
परत करणाऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पण इथे खरेदी ७००ची ग्राहकाने केलेली नाही, ती तुमच्याकडून झाली. त्याने १०००चा माल मागवला, पैसे भरले, अट त्याच क्षणी पुरी झाली. तुम्ही वस्तू पाठवली नाही म्हणून त्याची सूट जात असेल, तर हेडफोन हरवल्याबद्दल तुम्ही ७० कमावलेत.

छोटा दुकानदार
सूट देताना माझा नफा तिन्ही वस्तूंच्या विक्रीवर बेतलेला असतो. एक विक्री गेली की दोन वस्तूंवर १० टक्के सोडणं मला परवडत नाही. कमाई वगैरे काही होत नाही.

कलम एक्कावन्न
तत्त्व म्हणून एक दाखला देते. आंतरराष्ट्रीय मालविक्रीसाठी १९८० चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या ५१ व्या कलमात हाच प्रसंग येतो: विक्रेत्याने मालाचा काही भागच दिला, तर खरेदीदाराचे उपाय त्या न दिलेल्या भागापुरते चालतात. पूर्ण करार मोडता येतो, पण अपुरा पुरवठा हाच कराराचा मूलभूत भंग ठरत असेल तरच. तेव्हा सडेतोड यांचा ९५०चा आग्रह इथे टिकत नाही. हेडफोन नसले म्हणून कीबोर्ड निकामी होत नाही. कॅमेरा आणि त्यालाच बसणारी लेन्स एकत्र घेतली आणि नुसती लेन्स आली, तर मी वेगळं बोलले असते.

सडेतोड
म्हणजे कायदाच झाला की. तोच दाखवा विक्रेत्याला.

कलम एक्कावन्न
दाखवू नका. घरगुती वापरासाठी केलेली खरेदी त्या कराराच्या बाहेर आहे, तो व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारांसाठी आहे. मी फक्त विचार कसा करतात ते सांगितलं.

गोदामातला
हिशोबाआधी एक बघा ना, हेडफोन खोक्यात होते का? खोक्यावरच्या लेबलवर वजन छापलेलं असतं. कीबोर्ड आणि स्टँडचं पॅकिंगसकट वजन करा आणि ताडून बघा. लेबलचं वजन हेडफोनइतकं जास्त भरलं तर माल वाटेत गेला. तेवढंच असेल तर आमच्यासारख्या कुणी भरलाच नाही, किंवा दुसऱ्या खोक्यात भरला.

रिकामा खोका
लेबलवर ३.५ किलो आहे. घरच्या काट्यावर सगळं मिळून जेमतेम १.८ भरतं.

छोटा दुकानदार
बघा. जवळपास दोन किलोचा फरक. माल निघताना पूर्ण होता.

गोदामातला
दोन किलोचे हेडफोन कुणी बघितलेत का साहेब? खोक्याची मापं सांगा.

रिकामा खोका
लांबी ५० सेंमी, रुंदी ३५, उंची १०.

गोदामातला
५० गुणिले ३५ गुणिले १० म्हणजे १७,५००. त्याला ५०००ने भागलं की ३.५. हे आकारमानावरून काढलेलं वजन आहे. खोका मोठा आणि हलका असला की कुरिअर खऱ्या वजनाऐवजी यावर पैसे लावतो. यातून हेडफोनबद्दल काहीच कळत नाही, ना तुमच्या बाजूने ना विक्रेत्याच्या. प्रत्यक्ष वजनाची नोंद कुरिअरकडे वेगळी असू शकते, ती विक्रेत्याला मागता येते. खोक्यातली पॅकिंगची चिठ्ठी सापडली तर ती जास्त कामाची. त्यावर ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तू आहेत की त्या खोक्यातल्या दोनच?

रिकामा खोका
चिठ्ठीवर दोनच आहेत! आणि कोपऱ्यात '१/२' असं छापलंय. हे मी पाहिलंच नव्हतं.

गोदामातला
मग ऑर्डर दोन पार्सलांत फुटली आहे. एकाच गोदामात तिन्ही वस्तू नसल्या की असं होतं. पहिलं पार्सल पोहोचलं की काही ॲप अख्ख्या ऑर्डरवर 'डिलिव्हर्ड' लावून मोकळी होतात.

आकडेमोड
तर आता कार्डाचं स्टेटमेंट उघडा. ९५० एका रकमेत गेलेत की दोन? ऑर्डर देताना बरेचदा रक्कम नुसती अडवून ठेवतात आणि पार्सल निघेल तसतसे त्या पार्सलचे पैसे घेतात. हेडफोनचे पैसे घेतलेच नसतील तर परताव्याचा प्रश्नच नाही, अडवलेली रक्कम आपोआप सुटते. ती सुटलेली रक्कम आणि परतावा यांत लोकांचा फार गोंधळ होतो.

रिकामा खोका
दोन नोंदी आहेत. ६८० आणि चार दिवसांनी २७०.

आकडेमोड
सुंदर. ६८० म्हणजे कीबोर्ड ४५०, स्टँड १८०, शुल्क ५०. आणि हेडफोनची किंमत विक्रेत्याने स्वतःच २७० लावली आहे, कूपन धरून. म्हणजे पैसे घेताना सूट लागू होती आणि परत देताना ती नाहीशी झाली. ही एक ओळ तक्रारीत लिहिलीत की बाकी वाद घालायला नको. २७० घेतले, २०० आले, ७० बाकी.

२७०ची नोंद पडली म्हणजे विक्रेत्याच्या हिशोबात दुसरं पार्सल निघालेलं आहे. त्याचा ट्रॅकिंग क्रमांक मागा. 'परत करा'ची विनंती आधी बंद करून घ्या, नाहीतर कुरिअरवाला हेडफोन न्यायला दारात येईल, तुमच्याकडे ते नसतील, 'वस्तू दिली नाही' अशी नोंद पडेल आणि दिलेले २००ही मागे घेतले जातील. हे मी अनेकदा पाहिलंय.

रिकामा खोका
क्रमांक मिळाला. स्थिती अशी: 'लेबल तयार झाले, पार्सल कुरिअरकडे आलेले नाही'. म्हणजे ते गोदामातच आहे?

गोदामातला
लेबल छापलं, खोका हलला नाही. माल शेल्फवर सापडला नसेल. लेबल छापलं की सिस्टीम 'पाठवलं' धरते आणि कार्डाला हात घालते.

छोटा दुकानदार
लेबल छापल्यावर पैसे घेणं चूक आहे, ते मी मान्य करतो. कुरिअरच्या पहिल्या स्कॅननंतरच घ्यायला हवेत. कूपनबद्दल माझं मत तेच आहे. आणि समजा ७० दिले आणि मग शेल्फवर हेडफोन सापडून पार्सल निघालं, तर? माल फुकट?

कलम एक्कावन्न
पूर्ण परतावा झाला की ती ओळ रद्द. नंतर आलं तर दारातच नाकारावं, किंवा ठेवून घेऊन २७० भरावेत. रिकामा खोका यांनी मेलमध्ये तेही लिहून टाकावं, म्हणजे त्यांच्यावर संशय राहणार नाही.

सडेतोड
आणि शुल्काचे ५०? तिसऱ्या वस्तूच्या वाहतुकीचा वाटा त्यात आहेच की. किमतीच्या प्रमाणात १५ होतात.

आकडेमोड
मी नाही मागणार. शुल्क ऑर्डरवर सरसकट आहे, दोन वस्तू मागवल्या असत्या तरी ५०च लागले असते. शिवाय ते पूर्ण पहिल्या पार्सलवर लावलंय आणि ते पार्सल पोहोचलंय.

सडेतोड
दोन वस्तूंसाठी ५० द्यायचे की नाही हे मी ऑर्डर करताना ठरवलं असतं. नंतर त्यांनी ठरवायचं नाही. कूपनला जो न्याय लावलात तोच शुल्काला लावा.

आकडेमोड
हं. या मुद्द्याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. पण १५साठी ७०ची तक्रार लांबवू नका.

रिकामा खोका
मेल पाठवला: २७०ची नोंद, दुसऱ्या पार्सलची स्थिती, ७० बाकी, आणि पार्सल आलंच तर घेणार नाही हेही. १५ लिहिले नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर बँकेत जाऊ का?

आकडेमोड
जा, पण २७०च्या नोंदीवर आणि फक्त ७०साठी. व्हिसाकडे अशा दाव्याला १२० दिवस असतात आणि ते माल मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून धरता येतात. म्हणून दुसऱ्या पार्सलची ठरलेली तारीख ॲपवर दिसतेय तोवर तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ओळ रद्द झाली की ती तारीख पानावरून गायब होते. आणि मेलच्या उत्तरात ७० पुढच्या खरेदीसाठी क्रेडिट म्हणून देऊ केले, तर ते स्वीकारण्याआधी विचार करा. एकदा स्वीकारलेत की बँकेत सांगायला काही उरत नाही.

उगाच
७०चं क्रेडिट मिळालं तर कूपनही लागू होईल का त्यावर?