बुधवार 19 जूनचा वॉक-इन: नोकरीच्या ग्रुपांवर किती विसंबायचं?

कळवेकर
नोकरीच्या पाच व्हॉट्सॲप ग्रुपांवर आहे. एकावर मेसेज आला: "बॅक ऑफिस, ऐरोली, वॉक-इन, बुधवार 19 व गुरुवार 20 जून, सकाळी 10 ते 1, पगार 18 ते 22 हजार". 19 तारखेला कळव्याहून गेले, तर गेटवरच्या वॉचमनने सांगितलं की असं काही नाहीच. कोणता ग्रुप खरा हे तुम्ही कसं ठरवता? की सगळेच सोडून द्यावेत?

थेट अर्ज
सोडून द्या. मी दोन वर्षांपूर्वी सगळे सोडले. कंपनीच्या वेबसाइटवर करिअरचं पान असतं, तिथे प्रत्येक जागेला क्रमांक असतो. तो क्रमांक दिसला तर अर्ज करायचा, नाही दिसला तर जागा नाही असं समजायचं. ग्रुपवरच्या खऱ्या जागा शेवटी तिथूनच उचललेल्या असतात, मग मधला माणूस हवाय कशाला?

रबाळे शिफ्ट
दादा, हे मोठ्या आयटी कंपन्यांचं झालं. आमचं युनिट रबाळे एमआयडीसीत आहे, माणसं चाळीसच्या आसपास, वेबसाइटच नाही. ऑपरेटर हवा असला की मालक सुपरवायझरला सांगतात आणि सुपरवायझर ग्रुपवर टाकतो. मला स्वतःला नोकरी तशीच लागली. एपीएमसी मार्केटमधल्या गाळ्यावर टॅलीवाला हवा असतो, त्याचं करिअरचं पान कुठे शोधणार? ग्रुप सोडले तर आमच्यासारख्यांच्या हातात काय उरेल?

महापे भरती
मी नऊ वर्षं भरतीचं काम करतोय. आधी कळवेकर ताईंच्या मेसेजबद्दल बोलतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. ताई, तुम्ही गेलात तो यंदाचा, म्हणजे 2025 चा 19 जून. तो गुरुवार होता. 19 जूनला बुधवार होता 2024 मध्ये. म्हणजे मेसेज अख्खं वर्षभर जुना आहे, आणि कदाचित तेव्हा तो खराही असेल. असे मेसेज लिहिणारे साल लिहीत नाहीत, पण वार लिहितात. पुढे ढकलणारा तो वाचतही नाही. फोनमधलं कॅलेंडर उघडून वार जुळवायला दहा सेकंद लागतात, आणि लोकलचं तिकीट काढण्याआधी तेवढं करावं. वार लिहिलेला नसेल तर ही युक्ती चालत नाही. मग "2023 पासआउट चालतील" अशा ओळींवरून वर्षाचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरं असं करा. त्या ग्रुपच्या सर्चमध्ये मेसेजमधला संपर्क क्रमांक टाका आणि तो आधी कधी, कशासोबत आला होता ते इथे सांगा.

फॉरवर्डचा बाण
एवढा खटाटोप कशाला? मेसेजवर दुहेरी बाण असला, म्हणजे अनेक वेळा फॉरवर्ड झालेला असला, की खोटा. बाण नसेल तर पोस्ट करणाऱ्याने स्वतः लिहिलेला, म्हणजे खरा. मी एवढंच बघतो.

महापे भरती
पहिलं निम्मं बरोबर. दुहेरी बाण म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, म्हणून तिथे थांबून तपासावं. पण बाण मेसेजचं वय सांगत नाही, कालचा मेसेजही रात्रीत पाच हात फिरतो. आणि दुसरं निम्मं धोक्याचं आहे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातो. ज्याला जुनी जागा नवी म्हणून खपवायची आहे, तो नेमकं हेच करतो.

पनवेलचे काका
माझा भाचा विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या नोकरीच्या मेसेजला फसला. इंटरव्ह्यू फोनवरच झाला, मग युनिफॉर्मचे म्हणून 2,500 रुपये मागितले, त्याने भरले, पुढे नंबर बंद. 1930 वर तक्रार केली, पण चार दिवस उशिरा. पोरगं महिनाभर घरात कुणाशी धड बोललं नाही. तुमच्या त्या बाणाने हे कळलं असतं का?

महापे भरती
नाही काका, बाणाने नसतं कळलं. पैशाची मागणी झाली तिथेच कळायला हवं होतं. खरा मालक किंवा खरी कन्सल्टन्सी उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म यांपैकी कशाचेही पैसे आधी घेत नाही. आणि 1930 वर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. हे भाच्याच्या मित्रांनाही सांगा.

कळवेकर
सर्च केलं. मी या ग्रुपवर जानेवारीत आले, त्याआधीचं मला दिसत नाही. तोच नंबर चार वेळा सापडला. फेब्रुवारीत महापे, "डेटा एंट्री". मार्चमध्ये वागळे इस्टेट, "बॅक ऑफिस". एप्रिलमध्ये पुन्हा महापे. आणि आता ऐरोली. पगार चारही वेळा 18 ते 22 हजार, कंपनीचं नाव एकदाही नाही.

फॉरवर्डचा बाण
झालं तर मग. बोगस.

तुर्भे कन्सल्टन्सी
जरा थांबा. मी हाच धंदा करतो, म्हणून बोलतो. एक कन्सल्टंट एका वेळी पाच-सहा कंपन्यांसाठी माणसं शोधतो, त्यामुळे एकच नंबर वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसणं स्वाभाविक आहे. कंपनीचं नाव आम्ही लपवतो तेही कारणाने. उमेदवार रुजू झाला की कंपनी आम्हाला साधारण 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना देते. नाव आधीच टाकलं तर लोक थेट जातात आणि आमची मेहनत फुकट जाते. नाव नसलं की बोगस, असं म्हणाल तर प्रामाणिक माणसंही त्यात जातील.

महापे भरती
तुमचा पहिला मुद्दा मान्य. नुसत्या नंबरावरून मीही निकाल देणार नाही. पण मोकळेपणाने सांगतो, दुसरा मुद्दा मला पटत नाही. ग्रुपवर नाव नको असेल तर नका टाकू, मात्र उमेदवाराला घरातून निघायला सांगण्याआधी फोनवर नाव सांगायलाच हवं. पगार कोणाच्या नावाने होणार, मुलाखत कोण घेणार आणि कंपनीच्या मेल आयडीवरून निमंत्रण येईल का, ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर जागा हातात नाही, नुसते बायोडेटे गोळा करणं चाललंय. हे आमच्या धंद्यात सर्रास होतं, तुम्हालाही ठाऊक आहे. पुढेमागे जागा आली तर लोक हाताशी असावेत म्हणून जुनाच मेसेज पुन्हा फिरवला जातो.

तुर्भे कन्सल्टन्सी
होतं, नाकारत नाही. पण मेलवरून निमंत्रण ही अट बाराशे चौरस फुटांच्या गाळ्यातल्या मालकाला लावाल, तर रबाळेवाल्या भावाच्या युनिटमध्ये कोणी जाणारच नाही.

रबाळे शिफ्ट
हे खरं. आमच्याकडे मेल नाही. पण आमचा सुपरवायझर ग्रुपवर स्वतःच्या नंबरवरून लिहितो, कोणी विचारलं तर उत्तर देतो, आणि माणूस मिळाला की "जागा भरली" असंही टाकतो.

महापे भरती
मला ग्रुपबद्दल हेच म्हणायचं होतं. ताई, प्रत्येक ग्रुपमधले शेवटचे तीस मेसेज घ्या. किती मेसेज खुद्द माणूस शोधणाऱ्याने टाकलेत, प्रश्नाला उत्तर आलंय का, आणि "जागा भरली" असं कुठे दिसतं का, एवढं मोजा. जागा भरल्याचं कधीच दिसत नसेल तर तिथे कोणी भरती करत नाही, फक्त मेसेज येऊन पडतात. काही ग्रुपांत फक्त ॲडमिन लिहू शकतो, तिथे प्रश्न विचारायची सोयच नसते. ते ग्रुप मी आधी सोडतो.

थेट अर्ज
तरी मी म्हणेन, तीस मेसेज मोजण्याच्या वेळेत दहा अर्ज होतात.

कळवेकर
मोजले. पाचांपैकी तीन ग्रुपांत "जागा भरली" असा एकही मेसेज नाही, त्यातले दोन फक्त ॲडमिनचे. ते तिन्ही सोडले. एकात तीसपैकी सात जणांनी स्वतःच्या नंबरवरून लिहिलंय आणि दोन जागा भरल्याचंही आहे, तो ठेवतेय. पाचव्याचं ठरत नाही. माणसं उत्तरं देतात, पण मेसेज बहुतेक दुहेरी बाणाचे.

त्या ऐरोलीच्या नंबरवर फोनही केला. कंपनीचं नाव विचारलं तर म्हणाले, "आधी तुर्भ्याला ऑफिसात या, 300 रुपये रजिस्ट्रेशन आहे." मी फोन ठेवला.

तुर्भे कन्सल्टन्सी
तो मी नाही, आणि असे पैसे घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पाचव्या ग्रुपमध्ये मात्र अजून पंधरा दिवस राहून बघा.