तिसऱ्या वाक्यात लेखिका हरवते

“माझ्या सारांशावर सरांचा शेरा आला, ‘हे मत तुमचं की लेखिकेचं?’ पहिल्या वाक्यात लेखिकेचं नाव दिलंय की!”

एकदा नाव देऊन भागत नाही. परभणीला शिकताना पाणीटंचाईवरच्या प्रकरणाचा सारांश लिहिला, तेव्हा माझंही असंच झालं. तिसरं वाक्य होतं, ‘उसामुळे विहिरी आटल्या.’ सुटं वाचलं तर माझाच निवाडा! मग बदललं: ‘विहिरी आटण्याचं खापर लेखिका पावसावर नाही, उसावर फोडतात.’ पुढे त्यांनी आकडे दिले तिथे ‘त्या दाखवतात’, नुसता अंदाज केला तिथे ‘त्या सुचवतात’. ‘म्हणे’ मात्र टाळा, त्यात अविश्वास डोकावतो. आणि ऊस लावावा की नाही हे तुमचं मत पुढच्या परिच्छेदात, ‘मला वाटतं’ म्हणून.