जबड्यांवर डायल असेल तर ‘व्हर्नियर’ म्हणायचं का?

रेघोटी: आयटीआयच्या मुलांसाठी मोजमापाच्या हत्यारांच्या फोटोंना मराठी नावं देतेय. एका फोटोत व्हर्नियरसारखीच पट्टी आणि जबडे आहेत, पण सरकत्या भागावर गोल डायल आहे. मी ‘व्हर्नियर कॅलिपर’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘डायल गेज’ केलं. बरोबर कोणतं?

टूलरूम: दोन्ही नाही. डायल गेजला जबडे नसतात. तो स्टँडला लावून कामाला टेकवतात आणि तो फक्त फरक दाखवतो. तुमच्या फोटोतलं डायल कॅलिपर आहे.

खराद: शॉपवर सगळे व्हर्नियरच म्हणतात, डिजिटललासुद्धा. झेरॉक्ससारखंच, कंपनीचं नाव वस्तूला चिकटलं.

टूलरूम: सगळे म्हणतात हे खरं, पण कंपनीचं नाही. पिएर व्हर्नियर या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये सरकती दुय्यम पट्टी मांडली, नाव त्या पट्टीचं. या फोटोत ती पट्टीच नाही. मुलगा जुळणारी रेघ शोधत बसेल. डायलवर एक रेघ ०.०२ मिमी असेल, मुख्य पट्टीवर २४ दिसत असेल आणि काटा ३७व्या रेघेवर, तर माप २४.७४. बिघाडही वेगळा. आत दातेरी पट्टी असते, तिच्यात चिप अडकली की काटा दात चुकवतो आणि जबडे मिटूनही शून्यावर येत नाही. नुसती डायलची कडा फिरवून शून्य जुळवलं तर चिप आतच राहते, काटा पुन्हा उडी मारतो. आधी दाते साफ करायचे.

शब्दप्रेमी: मग ‘तबकडी-कॅलिपर’ का नको? मायक्रोमीटरला ‘सूक्ष्ममापी’ आहेच.

खराद: स्टोअरमध्ये ‘सूक्ष्ममापी द्या’ म्हणालात तर हात हलवत परत याल.

शब्दप्रेमी: पुस्तकात लिहिलं नाही तर स्टोअरपर्यंत शब्द पोचणार कसा?

वर्कशॉप_सातारा: डायलवरून आठवलं. आमच्याकडे डायलला खाली दांडा नाही, बाजूला छोटी काडी आणि टोकाला गोळी आहे. चकमध्ये जॉब सेंटर करताना रीडिंग जास्त येतं. डायल बिघडलाय का?

टूलरूम: तो लिव्हर डायल. दांड्याचा, म्हणजे प्लंजर डायल कामाला काटकोनात लावतात, याची काडी मात्र पृष्ठभागाला जवळपास समांतर हवी. काडी ६० अंशांत उभी असेल तर ०.२० दिसतं तेव्हा खरा फरक ०.१० च असतो. आधी काडी आडवी करून बघा, मग दुरुस्तीला द्या.

वर्कशॉप_सातारा: आमची बरीच उभी लागते. पण चकचे जबडे आडवे येतात, तिथे काय करायचं?

शब्दप्रेमी: काडीला ‘स्पर्शिका’ म्हणता येईल.

खराद: भूमितीत स्पर्शिका वेगळीच असते हो!

रेघोटी: तपासणारे म्हणतात, परीक्षेत ‘व्हर्नियर’ विचारलं आणि चित्र डायलचं आलं तर मुलांचे मार्क जातात. मग फोटोच बदलू का?