निबंधाचे २० गुण वाटायचे कसे? शुद्धलेखनाला किती द्यायचे?

सिडकोतली मराठीची शिक्षिका: नववीच्या निबंधासाठी निकष तक्ता करतेय. आशय, रचना, भाषा आणि शुद्धलेखन, प्रत्येकी ५ गुण. स्तर चार: उत्कृष्ट, चांगले, साधारण, असमाधानकारक. पण आम्ही दोघींनी एकच गठ्ठा तपासला तर गुण जुळतच नाहीत. कुठे चुकतंय?

नाशिकरोडचे निवृत्त परीक्षक: मॅडम, स्तरांना फक्त नावं आहेत, खूण नाही. गोदेला पूर आला की आपण 'पाणी बरंच आहे' म्हणत नाही, 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं' म्हणतो. ते पाहणाऱ्या दोघांत वाद होत नाही. तुमचं 'चांगले' मात्र ज्याचं त्याला वेगळं.

'नदीचा पूर' हा विषय धरा. आशयाचे स्तर असे लिहा. १: विषय सुटला. २: विषयाला धरून आहे, पण कुठल्याही नदीला लागू पडेल. ३: एक तरी ठिकाण किंवा प्रसंग नेमका आला. ४: प्रसंगाबरोबर स्वतःचं मत आलं आणि त्याचं कारणही दिलं. इथे वरच्या पायरीवर काहीतरी नवं दिसावं लागतं, नुसतं विशेषण बदलून भागत नाही. पाच स्तर करू नका. मधला मिळाला की तपासणारा थकल्यावर सगळ्यांना तिथेच बसवतो.

पंचवटीतला क्लासवाला: सर, मला हे पटत नाही. निबंध अख्खा वाचला की किती गुणांचा ते कळतंच. तुकडे केले की लेखनाचा जीव जातो. आणि शुद्धलेखनाचे गुण कमी केलेत तर पोरं ऱ्हस्व-दीर्घाकडे ढुंकून बघणार नाहीत.

शिक्षिका: दादा, अख्खा वाचूनच आमचे गुण जुळेनात. दोन वह्या सांगते. पहिलीत 'नदी ही जीवनदायिनी आहे' पासून शेवटपर्यंत गाईडची वाक्यं, चूक एकही नाही. दुसरी ज्या मुलीची, तिच्या वडिलांचं घाटावर पूजासाहित्याचं दुकान आहे. तिने लिहिलंय, 'पानी वाढलं तसं आम्ही दुकान दोनदा हातगाडीवर चढवलं, नारळ आधी आणि कापूर सगळ्यात वर.' पुढे घाटावर सूचना लवकर का मिळायला हवी, तेही कारणासह. शुद्धलेखन मात्र पार कोसळलेलं.

निवृत्त परीक्षक: याच दोन वह्या लावून बघू. आशय, रचना, भाषा, शुद्धलेखन या क्रमाने पहिलीचे स्तर २, ३, ३, ४ आणि दुसरीचे ४, ३, ३, १ धरतो. सगळ्यांना सारखा भारांश दिला तर पहिलीला १५ आणि दुसरीला पावणेचौदा. म्हणजे गाईड जिंकलं. आता आशयाचा स्तर दुप्पट मोजा, बाकीचे एकपट. जास्तीत जास्त ८ + ४ + ४ + ४, बरोबर २०. पहिली ४ + ३ + ३ + ४ = १४, दुसरी ८ + ३ + ३ + १ = १५. शुद्धलेखनाचे ३ गुण त्या मुलीचे गेलेच, पण तिचा निबंध मागे पडला नाही.

पंचवटीतला क्लासवाला: बरं, पण यात काहीही खरडलं तरी ५ गुण पक्के!

निवृत्त परीक्षक: हा मुद्दा खरा आहे. कोऱ्याला किंवा विषयाशी संबंध नसलेल्याला सरळ ०, असं तक्त्याच्या वर लिहायचं. मग आशयाचा १ उरतो तो विषयावर सुरू होऊन भरकटलेल्यांना. दुसरी मेख अशी, की आता आशयात एका स्तराचा फरक म्हणजे २ गुणांचा फरक. म्हणून त्याची वाक्यं सगळ्यात आधी घासूनपुसून घ्या. आणि 'पानी' एकदा शुद्धलेखनात कापलं की भाषेत परत कापू नका. दुहेरी कापणी सर्रास होते.

एक पालक, सातपूर: माझ्या मुलाला दर वेळी २० पैकी १२. चुकलं काय, हे वहीत कुठेच नसतं. अक्षर सुधारलं तर वाढतील का?

शिक्षिका: ताई, या तक्त्यात अक्षराला गुण नाहीत, वाचता आलं म्हणजे पुरे. पण तक्ता वहीत चिकटवून स्तराला गोल केला, तर १२ कुठून आले ते तुम्हाला आणि त्याला दिसेल.

सटाण्याचे शिक्षक: आमच्याकडे पोरं अहिराणी बोलतात. संवादात अहिराणी वाक्य आलं तर भाषेत कापायचं का? मी कापत नाही.

निवृत्त परीक्षक: संवादात मीही कापणार नाही. निवेदनात आलं तर कापेन.

सटाण्याचे शिक्षक: सर, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. आजीची आठवण सांगताना पोराचं निवेदनही आजीच्याच बोलीत जातं.

शिक्षिका: हे आमच्यातही ठरेना. शनिवारी पाच वह्या दोघी वेगवेगळ्या तपासतोय, एकमेकींचे गुण न बघता. ज्या निकषात एकापेक्षा जास्त स्तराचा फरक पडेल, त्याचं वाक्य बदलायचं. एक वही मुद्दाम बोलीतली घेते.