मदत हवी आहे: टाळीवर चालणारा स्विच मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतोय

सागर_गडहिंग्लज:
आजीच्या खोलीतल्या ट्यूबसाठी टाळीचा स्विच केलाय. तिचे गुडघे दुखतात, रात्री उठून बटणापर्यंत जाणं होत नाही. आर्डुइनो, साउंड सेन्सर आणि रिले. टाळी वाजवली की कधी लागते, कधी नुसती रिले खरखरते, आणि कधी लागलेली ट्यूब दोन-तीन सेकंदांत आपोआप बंद होते. सेन्सर बदलून बघितला, तेच. रविवारी पुण्याला परत जायचंय. प्लीज लवकर सांगा काय चुकतंय.

ओंकार_के:
सेन्सरवरचा निळा स्क्रू फिरव. सेन्सिटिव्हिटी जास्त झालीय. माझंही असंच होत होतं, स्क्रू फिरवला आणि झालं.

सागर_गडहिंग्लज:
दोन्हीकडे फिरवून झालाय. एकीकडे नेला की काहीच ऐकू येत नाही, दुसरीकडे नेला की सेन्सरवरचा दिवा सतत पेटलेला.

जुनाखोका:
सागर, कोड टाक. सेन्सरला तीन पिना आहेत की चार? टाळीला पिन वर जाते की खाली? रिलेला वीज कुठून दिलीस? ट्यूब चोक-स्टार्टरवाली की एलईडी? हे कळल्याशिवाय सगळे अंधारात दगड मारणार.

स्मिता_ठाणे:
कशाला एवढा खटाटोप? रिमोटवाला होल्डर मिळतो, आजींच्या उशाशी रिमोट ठेवा. माझ्या सासूबाईंना तोच दिलाय.

सागर_गडहिंग्लज:
ताई, रिमोट दिला होता. अंधारात सापडत नाही, गादीखाली जातो.

@जुनाखोका काका, चार पिनांचा आहे, डिजिटल पिन वापरलीय, आवाजाला वर जाते. सगळं एकाच मोबाइल चार्जरवर, रिले ब्रेडबोर्डवरूनच. ट्यूब जुनी, चोकवाली. कोड:

```
void loop() {
  if (digitalRead(7) == HIGH) {
    state = !state;
    digitalWrite(8, state);
  }
}
```

ओंकार_के:
अरे, `delay(500)` टाक ना `digitalWrite` नंतर. सुटला प्रश्न.

जुनाखोका:
ओंकार, अर्धा सुटला. उरलेला अर्धा का राहतो ते कळायला आधी एक मोजमाप हवं. सागर, रिले काढून ठेव, नुसती एलईडी लाव. एका टाळीनंतर ३०० मिलिसेकंदांत पिन ७ खालून वर किती वेळा जाते ते मोज आणि आकडे इथे टाक. घाई आहे हे कळतंय, पण हे दहा मिनिटांचं काम आहे.

पराग_डोंबिवली:
आर्डुइनोच कशाला? आम्ही कॉलेजात ५५५ आयसी, एक बीसी५४७ आणि ४०१७ वर टाळीचा स्विच करायचो. कोड नाही, कटकट नाही. १०० के आणि १० मायक्रोफॅरड लावला की एक टाळी, एकच पल्स. आजही चालू असेल.

सागर_गडहिंग्लज:
मोजलं. पाच टाळ्या: ४१, ३६, ५७, ३८, ४४. एका टाळीला एकदाच वर जायला पाहिजे ना? सेन्सर खराब आहे का?

जुनाखोका:
सेन्सर एकदम ठीक आहे, तो त्याचं काम चोख करतोय. त्या बोर्डावर एलएम३९३ आहे. माइकचा व्होल्टेज स्क्रूने ठरवलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, एवढंच तो सांगतो. टाळी म्हणजे हवेचा एक धक्का नव्हे. माइकवरचा व्होल्टेज सेकंदाला हजार-दोन हजार वेळा वर-खाली होतो, त्यामागून भिंतींवरून परतलेला आवाज येतो. प्रत्येक लाट रेषा ओलांडते तेव्हा पिन वर जाते. म्हणून ४१.

आता तुझा कोड बघ. पिन वर असताना प्रत्येक फेरीत तो ट्यूबची स्थिती उलटवतो, म्हणजे ४१ पेक्षाही कितीतरी जास्त वेळा. शेवटी ट्यूब लागलेली राहते की विझलेली, हे एकूण आकडा सम आला की विषम यावर ठरतं. म्हणून तुला "कधी लागते, कधी नाही" असं दिसतं. रिलेची पट्टी हलायला काही मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेगाने तिला हुकूम मिळाले की ती खरखरते.

पराग, तुझी ५५५ हेच करते. १०० के आणि १० मायक्रोफॅरडला १.१ सेकंद पिन वर धरून ठेवते, तेवढ्या वेळात आलेल्या बाकीच्या लाटा वाया जातात. ओंकारचा `delay` तेच, फक्त कोडमधून.

पराग_डोंबिवली:
तेच तर म्हणतोय, मग ५५५ वाईट काय?

जुनाखोका:
वाईट काहीच नाही. पण दार आपटलं तरी तिला एक पल्स आणि कुकरच्या शिट्टीलाही पल्स. दोन टाळ्या ओळखायला आणखी आयसी लागतील.

मृण्मयी:
मला पण असाच प्रश्न आहे. बाळ रडलं की फोनवर कळलं पाहिजे, हा सेन्सर चालेल का? माझ्याकडे तीन पिनांचा आहे.

जुनाखोका:
मृण्मयी, रडणं आणि भांडं पडणं यात हा सेन्सर फरक करू शकत नाही. नुसत्या डिजिटल पिनेवर बाळाचा भरवसा ठेवू नकोस. वेगळा धागा काढ, तिथे नीट बोलू.

सागर_गडहिंग्लज:
५०० चा `delay` टाकला. एलईडीवर २० पैकी २० बरोबर! रिले लावली, ट्यूब न जोडता, तरी ठीक. ट्यूब जोडली की १० पैकी ६ वेळा लागून परत बंद. म्हणजे रिलेच्या टकटकीचा आवाज माइकला जातोय का? रिले सेन्सरला चिकटूनच आहे.

ओंकार_के:
हो, रिलेचाच आवाज. रिले लांब ठेव.

जुनाखोका:
आवाज असता तर ट्यूब न जोडताही घडलं असतं, आणि ती टकटक तर पाचशेच्या आतच संपते. आवाज की वीज हे ठरवायची साधी परीक्षा सांगतो. सेन्सर जाड टॉवेलमध्ये गुंडाळ, इतका की शेजारी टाळी वाजवूनही त्यावरचा दिवा पेटणार नाही. मग कोडमधून रिले चालू कर. ट्यूब लागताना तरीही दिवा लुकलुकला, तर माइकने काही ऐकलेलंच नाही.

सागर_गडहिंग्लज:
केलं. टॉवेलमध्येही लुकलुकतो! ट्यूब फडफडते तेवढा वेळ, तीन-चार सेकंद.

जुनाखोका:
मग हा स्टार्टर. जुनी ट्यूब पेटताना स्टार्टर उघड-मीट करतो, प्रत्येक उघडण्याला चोक मोठा झटका देतो, त्यावरच ट्यूब पेटते. तो झटका मेनच्या वायरीतून शेजारच्या बारीक वायरींत उतरतो. तुझा `delay` अर्ध्या सेकंदात संपला, स्टार्टरचं अजून चालूच आहे. म्हणून "दोन-तीन सेकंदांत आपोआप बंद".

शिवाय पाच व्होल्टची रिले ओढली जाताना साधारण ७० मिलिअँपिअर घेते. ब्रेडबोर्डच्या बारीक वायरींवर तेवढ्याने व्होल्टेज दचकतो. माइकही त्याच पाचावर आणि तुलनेची रेषाही त्याच पाचावर, त्यामुळे तो दचका त्याला आवाजासारखाच वाटतो.

रिलेला वेगळा चार्जर दे. दोघांचा ग्राउंड एकाच जागी जोड. सेन्सरच्या पिनांजवळ १०० मायक्रोफॅरड लाव आणि मेनच्या वायरींपासून त्याला हातभर तरी दूर ने. आणि कोड असा कर:

```
unsigned long last = 0, first = 0, sw = 0;
bool on = false;

void loop() {
  unsigned long now = millis();
  if (digitalRead(7) == HIGH) {
    bool fresh = now - last > 120;
    last = now;
    if (fresh && now - sw > 5000) {
      if (first && now - first < 700) {
        on = !on;
        digitalWrite(8, on);
        sw = now;
        first = 0;
      } else first = now;
    }
  }
}
```

मधे १२० मिलिसेकंद शांतता गेली तरच पुढचा आवाज नवा मानायचा. कुकरची शिट्टी कितीही लांबली तरी तो एकच आवाज धरला जाईल. ७०० च्या आत दुसरा नवा आवाज आला तरच ट्यूब उलटवायची. त्यानंतर पाच सेकंद काही ऐकायचं नाही, तोवर स्टार्टर थांबलेला असेल.

वायरमन_तात्या:
चोक काढून एलईडी बॅटन बसव की, सगळा त्रासच गेला. पण ते राहू दे, मला दुसरीच काळजी आहे. २३० व्होल्ट तू ब्रेडबोर्डवर आणलायस का? आजीच्या खोलीत? आज रात्रीच काढ. रिलेचे स्क्रूवाले टोक मेनच्या वायरीला, सगळं बंद प्लास्टिकच्या पेटीत, रिलेतून फेज तोडायची, न्यूट्रल नाही.

आणि भिंतीवरचं बटण काढू नकोस. तिथे जिन्याचं टू-वे बटण बसव आणि रिलेच्या तिन्ही टोकांवर जिन्याचं वायरिंग कर. मधलं टोक एकीकडे, बाकी दोन बटणाच्या दोन टोकांना. मग यंत्र बिघडलं, वीज जाऊन आली, काही झालं तरी भिंतीवरून ट्यूब लागणार.

जुनाखोका:
तात्या, जिन्याचं वायरिंग एकदम योग्य. सागर, हे कर. बॅटनबाबत मात्र, चोक गेला तरी रिलेचा दचका राहतोच, वेगळा चार्जर लागणारच.

सागर_गडहिंग्लज:
तात्या, मेन ब्रेडबोर्डवर नाही, रिलेच्या स्क्रूलाच होती, पण उघडी होती. पेटी आणली. टू-वे बटण पण आणलं, उद्या गल्लीतल्या वायरमनकडून बसवून घेतो.

नवीन कोडवर माझ्या दोन टाळ्या ३० पैकी २९. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, काही नाही. दार आपटलं, काही नाही. स्टीलचा डबा पडला तेव्हा मात्र ट्यूब लागली.

जुनाखोका:
डबा दोनदा आपटतो, तुझ्या कोडला त्या दोन टाळ्याच वाटणार. दोन आवाजांत २५० पेक्षा कमी अंतर असेल तर मोजायचं नाही, असं घातलं तर काही उसळ्या गळतील. सगळ्या नाही.

सागर_गडहिंग्लज:
आता खरी अडचण. आजीची टाळी हलकी आहे. १० पैकी ४ च लागतात. स्क्रू संवेदनशील केला की पंखा पाचावर असताना पिन सतत वर.

पराग_डोंबिवली:
अॅम्प्लिफायरवाला माइक घे, मॅक्स ९८१४. लांबूनही पकडतो.

जुनाखोका:
तो शांततेत आपला आवाज आपणच वाढवतो. रात्री पंख्याची घरघरही मोठी होईल. ठरलेल्या रेषेशी तुलना करायला तो माझ्या मते बरा नाही. सागर, सेन्सर आता किती लांब आहे?

पराग_डोंबिवली:
मी वापरलाय, मला त्रास झाला नाही.

सागर_गडहिंग्लज:
भिंतीवर बटणाजवळ, पलंगापासून दहा फूट.

जुनाखोका:
मग माइक बदलू नकोस, जागा बदल. आर्डुइनो आणि रिले पेटीतच राहू दे. नुसता सेन्सर पलंगाच्या डोक्याशी ने, पंख्याच्या थेट वाऱ्यात येणार नाही असा. तीन वायरी जातील. तो १०० मायक्रोफॅरड सेन्सरच्याच टोकाला, आर्डुइनोच्या नाही. वायर मेनच्या पट्टीतून नेऊ नकोस. मग स्क्रू परत लाव: पंखा पाचावर ठेवून दिवा पेटेपर्यंत फिरव, मग उलटा, जेमतेम विझेपर्यंत, आणि वर आणखी पाव फेरा.

सागर_गडहिंग्लज:
केलं. आजी १० पैकी ८. दोन वेळा तिच्या टाळ्यांत जास्त वेळ गेला, सावकाश वाजवते. ७०० चे ९०० केले, आता रात्री बघतो. ती खोकली की काय होतं तेही बघायचंय, तिला दमा आहे.

वायरमन_तात्या:
खोकला सलग दोनदा येतो रे. ते आजच तपास.